मैत्रिणीला साधं गुड मॉर्निंग पाठवायचंय, थोडं कवितेसारखं, पण फॉरवर्ड वाटायला नको

खिडकीवाली
तर झालं असं की माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे, आता दोघी वेगवेगळ्या गावी, बोलणं कमी झालंय, पण सकाळी एकमेकींना मेसेज करायची सवय टिकून आहे. मेसेज काय तर "गुड मॉर्निंग, काय चाललंय", तिकडून "काही नाही, तुझं?", संपलं. गेल्या आठवड्यात मला वाटलं जरा छान लिहावं काहीतरी, म्हणून डोकं खाजवून हे पाठवलं:

"सोनेरी किरणांनी सजली ही सकाळ, तुझ्या जीवनी फुलो आनंदाची माळ"

तिचं उत्तर आलं, "कोणत्या ग्रुपवरून ढापलंस?" 😐

मी स्वतः लिहिलं होतं हो! दहा मिनिटं घालवली होती त्यावर. आता प्रश्न असा की मला कविता वगैरे नाही करायची, रोजच्या मेसेजला किंचित काहीतरी हवंय, वाचून तिला बरं वाटेल इतपत. ओढूनताणून न वाटता हे कसं जमवता? कोणी करतं का असं?

बंडोपंत_बाराखडी
हहपुवा. "जीवनी फुलो". मैत्रीण हुशार आहे तुझी.

सौटक्का
माझ्याकडे फुलांचे फोटो असलेले दीडशे सुविचार आहेत, रोज एक लावतो सगळ्यांना. हवे असल्यास व्यनि करा.

बंडोपंत_बाराखडी
सौटक्का, तुम्हीच ते! तुमच्यामुळेच माझ्या फोनची मेमरी भरते!

निळावंती
खिडकीवाली, मला वाटतं अडचण शब्दांची आहे. मराठीत इतके सुंदर शब्द आहेत, ते सोडून आपण गुड मॉर्निंग लिहितो. नुसतं "सुप्रभात सखे" म्हणून बघ, किंवा प्रातःकाळ, उषा, रविकिरण असे शब्द वापर. भाषा शुद्ध ठेवली की काव्य आपोआप येतं, वेगळं काही करावं लागत नाही.

मात्रामोज्या
निळावंतीताई, शब्द सुंदर आहेत हे एकदम मान्य, पण आपोआप काव्य येतं याला माझा आक्षेप आहे. या दोघी एरवी एकमेकींशी कशा बोलत असतील? "अगं ऐक ना", "चल काहीही" अशाच ना? त्यात मधेच सकाळी सात वाजता "रविकिरण" आला की वाचणाऱ्याला पहिल्यांदा सकाळ दिसत नाही, बदललेला आवाज ऐकू येतो, ही अचानक अशी का बोलायला लागली. त्यामुळे तिला फॉरवर्ड वाटलं त्यात तिची चूक नाही.

खिडकीवाली, तुमच्या ओळीत तीन जागा आहेत जिथून ती उसनी असल्याचा वास येतो. एक म्हणजे "जीवनी". बोलताना आपण "जीवनात"सुद्धा क्वचित म्हणतो, "आयुष्यात" म्हणतो. "जीवनी", "मनी", "अंगणी" हे प्रत्यय फक्त कवितेत उरलेत. दुसरं "फुलो". हे ओकारान्त क्रियापद, होवो मिळो लाभो असो, लागलं की मेसेजची लगेच शुभेच्छापत्रिका होते, कारण त्यात लिहिणारी व्यक्ती नाहीशी होते आणि आशीर्वाद उरतो. मैत्रीण मैत्रिणीला आशीर्वाद देत नाही. तिसरं सकाळ-माळ. इथे माळ कशासाठी आली? आनंदाची माळ कोणी कधी पाहिली आहे? ती फक्त सकाळला जुळते म्हणून आली, आणि हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

खिडकीवाली
आई गं. पण खरंय, माळ मी यमकासाठीच घातली होती 🙈 आधी "काळ" लिहिलेला, मग ते भलतंच वाटलं.

बंडोपंत_बाराखडी
"तुझ्या जीवनी आला आनंदाचा काळ". बरं झालं माळ घातलीस!

रातपाळीवाली
मी नेहमी या मेसेजच्या दुसऱ्या टोकाला असते म्हणून लिहिते. माझी नाइट असते, सकाळी सातला मी घरी येऊन झोपायच्या तयारीत असते, आणि तेव्हा मला "नवा दिवस नवी उमेद, उठा जागे व्हा" टाइप येतं. पाठवणाऱ्याला माहीत असतं माझी नाइट आहे ते. तरी येतं. म्हणजे ते माझ्यासाठी नाहीच ना लिहिलेलं. त्यातल्या त्यात एक मित्र आहे तो लिहितो, "तू आता पडदे ओढत असशील, इकडे मी उघडतोय". बस इतकंच. त्यात ना यमक ना सूर्य, पण मी तो मेसेज जपून ठेवलाय.

मात्रामोज्या
व्वा. धागा इथे संपला तरी चालेल. "ओढत" आणि "उघडतोय", एकाच पडद्याच्या दोन क्रिया, दोन माणसं. त्याने मुद्दाम जुळवलं असेल असं वाटतही नाही.

निळावंती
हो हे सुंदर आहे. पण याला काव्य म्हणायचं का? ही तर साधी माहिती झाली.

रातपाळीवाली
म्हणू नका काव्य, मला चालेल 😄

आळशी_अण्णा
माझा अनुभव उलटा आहे, सांगतो. मला हे जमतं असं कळल्यावर मी एका मित्राला रोज पाठवायला लागलो. आज गच्चीवर कावळा एकटाच बसलाय, तुझी आठवण आली. आज धुकं आहे, समोरची इमारत दिसत नाही, तुझी आठवण आली. मला वाटलं भारी चाललंय. तिसऱ्या आठवड्यात त्याचा रिप्लाय, "अण्णा, उद्या ढगांचा नंबर का?" म्हणजे साचा त्याला पाठ झाला होता, निसर्गातली एक वस्तू अधिक तुझी आठवण. शिवाय त्याला रोज काहीतरी छान उत्तर द्यायचं प्रेशर यायला लागलं होतं हे नंतर कळलं, बिचारा गाडीत बसून उपमा शोधायचा. आता मी चार दिवस सरळ "गुमॉ" टाकतो आणि पाचव्या दिवशी खरंच काही दिसलं तरच लिहितो. नाही दिसलं तर नाही.

बंडोपंत_बाराखडी
एकटा कावळा बघून मित्राची आठवण, यावर मित्राने आक्षेप नाही घेतला?

आळशी_अण्णा
घेतला ना. म्हणून तर ढगांवर आलो.

खिडकीवाली
रातपाळीवाली तुझा पडद्यांचा मेसेज वाचून मला पटलं की खरं काहीतरी दिसायला हवं. आज मुद्दाम खिडकीत उभी राहिले. रात्रभर पाऊस झाला होता, कपडे वाळत घालायची दोरी रिकामी होती आणि तिच्यावर थेंब लटकलेले, ओळीने. मग असं लिहिलं, अजून पाठवलेलं नाही:

"शुभ सकाळ! रात्रभर कोसळणाऱ्या पावसानंतर दोरीवर मोत्यांसारखे टपोरे थेंब लटकले आहेत, जणू निसर्गाने तुझ्यासाठी हार गुंफला आहे."

कसं आहे? खरं सांगा.

मात्रामोज्या
दोरी आणि थेंब छान मिळालेत तुम्हाला. पण "जणू" आल्यावर परत माळच झाली बघा, यावेळी मोत्यांची. थेंबाला मोती म्हणणं इतक्यांदा झालंय की थेंब दिसायचाच थांबतो. मी मेसेज तपासताना "जणू" च्या पुढचं सगळं झाकून बघतो, उरलेलं आपल्या पायावर उभं राहत असेल तर ते ठेवायचं आणि झाकलेलं टाकून द्यायचं.

आता एक विचारू का, ते थेंब बघून तुम्हाला ही मैत्रीणच का आठवली? आई नाही, शेजारीण नाही, हीच का?

खिडकीवाली
अं... थेंब रांगेत होते म्हणून बहुतेक. आम्ही शाळेत प्रार्थनेला शेजारी शेजारी उभ्या असायचो आणि तिला एक मिनिट सरळ उभं राहता यायचं नाही, सारखी चुळबुळ, मग बाईंची नजर आमच्याकडे. आज त्या थेंबांमधला एक सारखा हलत होता, बाकीचे गप्प. वाऱ्याने असेल.

रातपाळीवाली
अगं हाच तर मेसेज आहे!!

आळशी_अण्णा
+१. हे सोडून मोती काय घेऊन बसलीस.

मात्रामोज्या
बघा म्हणजे. वरच्या मेसेजमध्ये कोसळणारा पाऊस, टपोरे थेंब, मोती, निसर्ग, हार एवढं सगळं आलं आणि हलणारा थेंब तेवढा राहून गेला. विशेषणं काढा, क्रियापदं ठेवा. म्हणजे ढोबळमानाने असं:

"दोरीवर थेंब रांगेत बसलेत. एक सारखा हलतोय. गुड मॉर्निंग."

"लटकले आहेत" ऐवजी "बसलेत" का, तर लटकणं थेंबाचं, पण रांगेत बसणं मुलांचं. "शाळा" हा शब्द लिहायची गरज नाही, "रांगेत" मध्ये ती आलीच. आणि "आहेत" सुटं लिहू नका, बोलतो तसं "बसलेत", "हलतोय". एकाच मेसेजमध्ये एकीकडे "फुले" आणि दुसरीकडे "झालंय" असं मिसळलं की कुठून तरी उचलल्यासारखं वाटतं. बोलायचं तर "फुलं", लिहायचं तर "फुले", मधेच उड्या नकोत.

निळावंती
पण रांगेत तर आपण उभे राहतो ना, खिडकीवाली पण उभ्या असायचो म्हणाली. मग "बसलेत" का?

मात्रामोज्या
ताई हे बरोबर पकडलंत. "उभे आहेत" जास्त खरं आहे. पण थेंब उभा कसा राहील? मला "बसलेत" कानाला बरं वाटलं एवढंच, माझा हट्ट नाही.

पानगळ
पहिल्यांदाच लिहितेय इथे. मला मात्रामोज्यांचं एक खटकलं, "तुझी आठवण आली" काढून टाकलंत. ते नसेल तर तो हवामानाचा अंदाज झाला. मैत्रिणीला रांगेचं आठवेलच कशावरून? तिच्या डोक्यात ऑफिसची घाई असेल, ती लिहील "अच्छा, इकडे नाही पाऊस".

आळशी_अण्णा
मला असे तीन रिप्लाय आलेत. "इकडे नाही पाऊस" हा सगळ्या कवितांचा शेवट आहे.

मात्रामोज्या
पानगळ, धोका आहे खरा. पण "तुझी आठवण आली" लिहिलं की वाचणारीला करायला काही उरत नाही. न लिहिता तिला कळलं तर ते तिचं स्वतःचं होतं. मी धोका पत्करेन. नाही कळलं तर दुपारी फोन करून सांगा, त्यातही मजा आहे.

पानगळ
तुम्ही पत्कराल हो. दोन मैत्रिणींचं बोलणं कमी झालंय असं ती म्हणतेय, अशा वेळी "आठवण आली" हे तीन अक्षरांचं... चार... जाऊदे, दोन शब्दांचं वाक्य सरळ लिहिलेलं बरं असतं. सगळं सूचक कशाला ठेवायचं.

देवमाणूस_नाही_मी
माझा वेगळाच प्रॉब्लेम. मी एका ऑफिसमधल्या मैत्रिणीला असंच काहीतरी बऱ्यापैकी काव्यात्मक पाठवलं, चांदण्यावरचं होतं, पहाटे चार वाजता उठलो होतो. तिने दोन दिवस नीट बघितलं नाही माझ्याकडे. मला काहीच तसं म्हणायचं नव्हतं!! मग काय करायचं अशा वेळी?

रातपाळीवाली
पहाटे चारला चांदणं पाठवलंस तर तसंच वाटणार ना बाबा 😂 वेळ पण बघतो माणूस मेसेजची.

बंडोपंत_बाराखडी
त्यावर उपाय एकच, यमक. यमक लावलं की कोणालाही प्रेमपत्र वाटत नाही. माझा नमुना, खास सौटक्कांसाठी:

उठ उठ मित्रा
अलार्म वाजला
स्नूझ तो दाबला
पुन्हा झोप

मात्रामोज्या
बंडोपंत, तुम्ही गंमतीत केलंत की ठरवून, माहीत नाही, पण हा चक्क अभंग बसलाय. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. "अलार्म" मध्ये जोडाक्षर आहे, तरी ते एकच मोजायचं. मोजून बघा.

बंडोपंत_बाराखडी
मी मोजूनच केलंय साहेब. बाराखडी उगाच नाही नावात.

मात्रामोज्या
दंडवत. यात आपल्या धाग्याच्या कामाचा मुद्दा पण आहे. वाजला-दाबला हे मराठीतलं सगळ्यात स्वस्त यमक, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि भूतकाळ म्हटलं की ला-ली-ले आलंच, त्यामुळे काहीही कशाशीही जुळतं. गंभीर मेसेजमध्ये ते पोकळ वाजतं, पण खोडी काढायची असेल तर तो पोकळपणाच हसू आणतो. म्हणजे चिडवायचं असेल तेव्हा यमक बिनधास्त लावा, आणि खरंच काही सांगायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. निदान मी तरी जात नाही.

निळावंती
मला हे पूर्ण पटलेलं नाही. ओव्या-अभंग सगळे यमकाचेच, आणि त्यात काय कमी खरं सांगितलंय? यमक वाईट नाही, घाई वाईट. दहा मिनिटांत जुळवलेलं तसंच वाटणार.

मात्रामोज्या
ताई, हा माझ्यापेक्षा चांगला मुद्दा आहे, घेतला. पण गुड मॉर्निंगला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कोण देतं?

निळावंती
मी देते 🙂 आणि कालपासून या थेंबांवर विचार करतेय. "रविकिरण" नाही वापरत, घाबरू नका. हे बघा:

थेंब बसले रांगेत
एक सारखा हलतो

दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरी आहेत. शब्द एकही उसना नाही, यमक नाही, पण चाल आहे. मोठ्याने म्हणून बघा.

मात्रामोज्या
म्हटलं. फार छान. मी आधी स्वतः "दोरीवर थेंबरांग" असं करून बघितलं होतं, आठ अक्षरं भरली पण थेंबरांग हा शब्द जगात कोणी बोलत नाही. तुमच्यात बोलणं मोडलं नाहीये. फक्त दोरी गेली, ती वर वेगळी सांगावी लागेल.

आळशी_अण्णा
अवांतर: मी पण मोजायला बसलो. "शुभ सकाळ" पाच अक्षरं, "गुड मॉर्निंग" पण पाच, "शुभ प्रभात" पण पाच. एवढे वाद घालतो आपण कुठलं लिहायचं यावर आणि वजन सारखंच निघालं.

निळावंती
सुप्रभात चार. तेच घ्या.

सौटक्का
मी आज पहिल्यांदा फोटोशिवाय मेसेज पाठवला मुलाला, "माठातलं पाणी आज गार लागलं, थंडी आली वाटतं". त्याचा लगेच फोन आला, बाबा तब्येत बरी आहे ना.

रातपाळीवाली
😂😂 पण फोन आला ना काका!

सौटक्का
आला. बारा मिनिटं बोलला.

पानगळ
खिडकीवाली तुम्ही पाठवलंत का शेवटी? कोणतं? उत्सुकता लागलीय.

खिडकीवाली
पाठवलं. तुमचं सगळ्यांचं वाचून अजून गोंधळले होते, बसलेत की उभे, आठवण की नाही. त्यात चार दिवस गेले आणि मधे पाऊसच आला नाही, दोरीवर नुसते चिमटे. कोरड्या दिवशी ओल्या दोरीचं खोटं पाठवावंसं वाटेना. आज पहाटे परत पडला. मग फोनवर तिला जसं सांगितलं असतं तसं लिहून टाकलं, परत वाचलंच नाही:

"गुड मॉर्निंग. पाऊस थांबलाय, दोरीवर थेंब रांगेत उभेत अगदी प्रार्थनेला उभे असल्यासारखे, आणि मधला एक सारखा हलतोय. ओळख कोण."

मात्रामोज्या
"ओळख कोण" हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. आठवण आली म्हटलंही नाही आणि राहिलंही नाही. "असल्यासारखे" मी काढलं असतं, पण मी गप्प बसतो.

पानगळ
आणि प्रार्थना सांगून टाकलीस ते बरं केलंस. ती काय म्हणाली??

खिडकीवाली
चाळीस मिनिटं नुसत्या दोन निळ्या टिका. मला वाटलं संपलं, आता येतंय "इकडे नाही पाऊस". मग आलं:

"मी नाही, तू हलायचीस. मी तुला धरून ठेवायचे."

रातपाळीवाली
❤️

बंडोपंत_बाराखडी
आता खरं कोण हलायचं ते सांग आधी.

खिडकीवाली
तेच चाललंय सकाळपासून आमचं. बाईंना विचारायचं ठरतंय, कोणाकडे तरी नंबर असेल त्यांचा.